अंधुक फोटोतला क्यूआर वाचायचा, तर आधी पांढरी कड

पंपाचं गॅरंटी कार्ड भिजून लगदा झालं. उरला तो घरच्या ग्रुपवरचा एक फोटो, आणि त्यात कोपऱ्यात जेमतेम ९० पिक्सेल रुंदीचा क्यूआर. तीन संध्याकाळी वाया घालवल्या.

मूळ फोटो मागवा. ग्रुपवरून आलेला नको, स्क्रीनशॉट तर नकोच. ज्याने काढला त्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा.

मग क्यूआरची घरं, म्हणजे त्यातले सगळ्यात छोटे काळे-पांढरे चौकोन, मोजा. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांपैकी शेजारच्या दोघांच्या आतल्या कडांना जोडणारी एक ठिपक्यांची रांग जाते, काळं-पांढरं-काळं. चौकोनांभोवतीची पांढरी पट्टी सोडून ती मोजायची आणि १६ मिळवायचे. माझी १३ भरली, म्हणजे बाजूला २९ घरं, प्रत्येक घराला तीन पिक्सेल. एवढ्यावर भागतं. दोनच्या खाली गेलात तर शेजारची घरं एकमेकांत मिसळतात, मग चित्र कितीही मोठं करा, हरवलेलं परत येत नाही.

आता कड. कड. चौकटीभोवती किमान चार घरांएवढी कोरी पांढरी जागा लागते. मी काय केलं? नीटनेटकं दिसावं म्हणून काळ्या कडेला चिकटून कापलं. वाचणारा प्रोग्राम कोपऱ्यातला चौकोन १:१:३:१:१ या प्रमाणावरून ओळखतो. बाहेरची काळी पट्टी कुठे सुरू होते हे कळायला तिच्या आधी पांढरं हवं. ते नसेल तर चौकोनच सापडत नाही, आणि चूक नेमकी कुठे आहे हेही तो सांगत नाही. मी मात्र काँट्रास्ट वाढवत बसलो. काळ्या टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोतही हीच गत. कापताना सैल कापा. कापून झालं असेल तर ImageMagick ने कड जोडा आणि ZBar ने वाचा:

```
magick kod.png -colorspace Gray -resize 400% -bordercolor white -border 60 out.png
zbarimg out.png
```

तीन पिक्सेलचं घर चौपट केल्यावर १२ चं, चार घरं म्हणजे ४८; म्हणून ६०. माझा कोड याच एका ओळीने वाचला गेला.

सावली पडली असेल तर काळं कुठलं आणि पांढरं कुठलं हे ठरवायला सगळ्या चित्राला एकच उंबरठा लावू नका, अर्धा भाग काळा होतो. तिरका असेल तर आधी सरळ करा. शार्पनचा अतिरेक केलात तर नसलेल्या कडा उमटतात.

तरीही नाही वाचला? आधी कड पाहा. मग `QRazyBox` या वेबसाइटवर हाताने घरं भरा, पण जे दिसत नाही ते अंदाजाने काळं करू नका, ‘माहीत नाही’ म्हणून करडं ठेवा. क्यूआरची दुरुस्तीची शिल्लक, म्हणजे किती बिघडलेलं चालून जातं ते, ठरलेली असते. चुकीचा अंदाज त्यातून करड्याच्या दुप्पट खातो.

साध्या बारकोडात ती शिल्लकही नाही. किराणा मालावरच्या १३ आकड्यांच्या कोडात शेवटचा आकडा फक्त ताळा आहे. खालचे आकडे दिसत असतील तर सरळ तेच टाइप करा.

आणि कडा बारकोडालाही लागतात, डावीउजवीकडे.