रतिबाचं बिल चुकतं कुठे? खाडे, सुट्ट्या आणि मध्येच बदललेला दर : या चुका टाळा

दुधाची लाइन चालवणाऱ्याचं आणि गिऱ्हाइकाचं वाजतं ते बहुतेक वेळा पाच-पंचवीस रुपयांवरून. आकडा छोटा असतो, पण दर महिन्याला तोच घोळ झाला की गिऱ्हाईक रतीब बंद करतं. त्यातही घोळ बेरजेत क्वचितच असतो. ‘तीस दिवस वजा खाडे गुणिले दर’ हा हिशेब जन्मापासून अंगवळणी पडलेला असतो, आणि महिना सरळ गेला तर तो चालतोही. दर मध्येच बदलला, किंवा खाडा आणि सुट्टी एकाच दिवशी आली, की तो कोलमडतो.

एक महिना घेऊ. गाईचं दूध, रोज १ लिटर, जून महिना. १ तारखेला दर ६० रुपये, ११ तारखेपासून ६२. (दूध संघांचा शेतकऱ्यांशी हिशेब बऱ्याच ठिकाणी दहा दिवसांचा असतो, त्यामुळे दरवाढ अनेकदा ११ किंवा २१ तारखेलाच येऊन बसते. ती कायम १ तारखेला येईल या भरवशावर वही आखू नका.) खाडे ४, ५, ६ आणि १४, १५ तारखेला. २० तारखेला पाहुणे म्हणून १ लिटर जादा.

बरोबर हिशेब असा : पहिल्या दहा दिवसांत ३ खाडे, म्हणजे ७ लिटर दूध, ६० च्या दराने ४२०. पुढच्या वीस दिवसांत २ खाडे आणि १ लिटर जादा, म्हणजे १९ लिटर, ६२ च्या दराने १,१७८. एकूण १,५९८ रुपये.

चूक पहिली : खाडे आजच्या दराने वजा करणं

बिल काढायला बसताना समोर नवा दर असतो. मग कुणी एकूण २६ लिटरला सरसकट ६२ लावतं आणि बिल १,६१२ होतं, १४ रुपये जास्त. हे गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येतं. दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. दूध दोन दरांनी नीट लावायचं, १,९०२ काढायचे, आणि पाच खाडे मात्र ६२ च्या दराने वजा करायचे. बिल १,५९२ येतं. इथे ६ रुपये तुमचे गेले, आणि ते कोणीही सांगायला येणार नाही. शंभर घरांच्या लाइनीवर, सुट्टीच्या महिन्यात, ही गळती चांगलीच जाणवते.

खाडा ज्या दिवसाचा, दरही त्याच दिवसाचा. त्यामुळे ‘खाडे ५’ एवढं लिहून भागत नाही, तारखा लागतात.

चूक दुसरी : शीटमध्ये दराची एकच जागा

वही सोडून शीटवर आलेले बरेच जण वर एका कोपऱ्यात दर लिहितात आणि सगळी बिलं त्याला जोडतात. ११ तारखेला तिथे ६२ टाइप केलं की १ ते १० चा हिशेबही ६२ ने होतो. मागच्या महिन्यांची पानं त्याच जागेला जोडलेली असतील तर मे महिन्याचं बिलही बदलतं. गिऱ्हाइकाच्या हातात वेगळा आकडा, तुमच्याकडे वेगळा.

यावर माझ्या मते सगळ्यांत सोपा इलाज म्हणजे जुनं दुधाचं कार्डच शीटवर आडवं पसरणं. दर महिन्याला एक पान. A स्तंभात तारखा, B मध्ये त्या दिवसाचा गाईच्या दुधाचा दर, C मध्ये म्हशीचा, आणि D पासून पुढे एकेक गिऱ्हाईक. प्रत्येक चौकटीत त्या दिवशी खरोखर टाकलेले लिटर : 1, 0.5, पाहुण्यांच्या दिवशी 2, खाड्याला 0. दोन्ही दुधं घेणाऱ्याला दोन स्तंभ द्या. मग गाईच्या दुधाच्या गिऱ्हाइकाचं जूनचं बिल एवढंच :

```
=SUMPRODUCT(D2:D31,$B2:$B31)
```

दर बदलला की त्या तारखेपासून खालच्या ओळींत नवा दर भरायचा, वरच्याला हात लावायचा नाही. वजाबाकी करायचा प्रश्नच उरत नाही, कारण न दिलेलं दूध मोजलेलंच नसतं.

या सूत्राची एक खोड आहे. चौकटीत कुणी ‘1 लि.’ किंवा ‘खाडा’ असं अक्षरांत लिहिलं, तर ते तक्रार न करता शून्य धरतं. चौकट रिकामी राहिली तरी शून्यच. म्हणजे दूध गेलेलं असूनही बिलात येत नाही आणि बिल दिसायला व्यवस्थित दिसतं. म्हणून खालीच एक तपासणी ठेवा :

```
=COUNT(D2:D31)
```

हे फक्त आकडे मोजतं. जूनमध्ये इथे 30 आलंच पाहिजे. 29 आलं तर एक चौकट रिकामी आहे किंवा तिच्यात अक्षरं आहेत. खाड्याला रिकामी जागा न ठेवता 0 लिहायचं ते याचसाठी. नाहीतर ‘दूध नको होतं’ आणि ‘पोऱ्या नोंदवायला विसरला’ यांतला फरक कळत नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात दोन्ही सूत्रं ३२व्या ओळीपर्यंत न्यायला विसरू नका. ३१ तारखेचं दूध फुकट जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

चूक तिसरी : ‘चार ते सहा’ म्हणजे किती?

वजाबाकी केली तर दोन, बोटांवर मोजलं तर तीन. खाडे तीन आहेत. त्याहून जास्त भांडणं ‘आम्ही सात तारखेला येतोय’ या निरोपावरून होतात. सात तारखेला सकाळी दूध टाकायचं की नाही? घरचे रात्री पोहोचतात आणि सकाळची पिशवी दाराला लटकून नासलेली असते. निरोप घेताना एकच प्रश्न विचारा, ‘काकू, पहिली पिशवी कोणत्या तारखेला टाकू?’ आणि तीच तारीख लिहा.

निरोपाला वेळेची अटही लागते. पिशवीच्या दुधाची मागणी आदल्या संध्याकाळी एजन्सीला जाते, त्यानंतर आलेल्या खाड्याची पिशवी तुमच्या गळ्यात पडते. ‘संध्याकाळी सातनंतर सांगितलेला खाडा परवापासून’ असं कार्डावर छापून टाका. आजोबांना दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून उशिरा फोन आला तर सोडून द्या, पण तो तुमचा निर्णय असू द्या, वादाचा निकाल नको.

चूक चौथी : सुट्टी आणि खाडा दोन्हींचं क्रेडिट

हा घोळ डब्याच्या धंद्यात जास्त. मेस दिवाळीला चार दिवस बंद, म्हणून सगळ्यांना चार डब्यांचं क्रेडिट दिलं जातं. पण गावाला गेलेल्या मुलाने आधीच आठ दिवसांचा खाडा टाकलेला असतो आणि त्यात हे चार दिवसही असतात. सुट्ट्यांची यादी वेगळी, खाड्यांची वेगळी, दोन्ही वजा झाल्या की त्याला आठऐवजी बारा डबे माफ. निरोप मेसवाल्या मावशींच्या फोनवरही आला आणि डबे पोहोचवणाऱ्यालाही मिळाला, तर एकच खाडा दोनदा चढतो. एका दिवसाला एकच चौकट असली की हे होऊच शकत नाही. सुट्टीच्या दिवशी अख्ख्या ओळीत 0 भरा, आधीच 0 असेल तर तो 0 च राहतो. कारण लक्षात ठेवायचं असेल तर तुमच्या सुट्टीच्या ओळीला रंग द्या.

डब्याला आणखी एक अडचण असते, कारण पैसे आगाऊ घेतलेले असतात. समजा एका वेळच्या डब्याचे महिन्याला २,८६० रुपये, रविवार बंद, म्हणजे २६ डबे. मुलाने ५ दिवस खाडा टाकला. २६ ने भागलं तर डब्याला ११० रुपये, क्रेडिट ५५०. ३० ने भागलं तर ४७७ च्या आसपास. मेसवाल्या मावशी ३० ने भागणार, मुलगा २६ ने, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटणार. महिन्याचा ठोक दर सांगितला की हा वाद ठरलेला. डब्याचा दर ११० असा सांगा, आगाऊ रक्कम त्या महिन्यातल्या डब्यांवरून काढा, आणि खाड्याच्या काळात आलेला रविवार मोजू नका, कारण त्याचे पैसे घेतलेलेच नाहीत.

उरलेलं क्रेडिट पुढे न्यायचं ते रुपयांत. ३ डबे उरले आणि पुढच्या महिन्यात डबा १२० चा झाला, तर ‘३ डबे शिल्लक’ लिहिल्यास तुम्ही ३६० चं देणं लागता, घेतलेले मात्र ३३० आहेत. ३३० लिहा.

चूक पाचवी : दिलेलं बिल मागे जाऊन सुधारणं

जूनचं बिल गेलं. ५ जुलैला गिऱ्हाईक म्हणतं, २२ तारखेला दूध आलंच नव्हतं. तपासलं, खरं निघालं. आता जूनच्या पानावर 0 लिहायचा मोह होतो. तसं केलंत तर तुमची जूनअखेरची बाकी बदलते, त्यांच्याकडच्या बिलावर जुनी राहते आणि जुलैची ‘मागील बाकी’ जुळत नाही. जूनचं पान तसंच ठेवा. जुलैच्या बिलात ‘दुरुस्ती, २२ जूनचा खाडा, −६२’ अशी स्वतंत्र ओळ टाका. जुलैत दर ६४ झाला असला तरी वजा ६२ च.

बिलावर नुसती एकूण रक्कम पाठवली की प्रत्येक जण फोन करून विचारणार. एवढं दाखवलंत तर बहुतेक फोन येत नाहीत :

```
जून : गाय दूध, रोज १ लिटर
मागील बाकी, ३१ मे           १,८६०
जमा, ३ जून                −१,८००
१–१० जून,  ७ लि. × ६०         ४२०
११–३० जून, १९ लि. × ६२     १,१७८
३० जूनअखेर येणे             १,६५८
खाडे : ४, ५, ६, १४, १५
जादा : २० तारखेला १ लि.
```

जमा ज्या तारखेला आली त्या तारखेला धरा. २ जुलैला आलेले पैसे जूनच्या बिलापोटी असले तरी दिसणार ते जुलैच्या बिलात.

फरक किती आहे ते आधी बघा

तक्रार आली की सगळं बिल पुन्हा मांडायची गरज नसते, बहुधा फरकाचा आकडाच जागा दाखवतो. बरोबर ६० किंवा ६२ चा फरक असेल तर एका दिवसाचा खाडा राहिला आहे किंवा दोनदा लागला आहे, आणि रकमेवरून तो ११ तारखेच्या आधीचा की नंतरचा हेही कळतं. फरक ६ किंवा १४ सारखा बारीक असेल तर त्याला दरातल्या फरकाने, इथे २ ने, भागा. उत्तर ३ आलं तर तीन लिटरला चुकीचा दर लागला आहे. आणि १,८०० सारखा गोल आकडा असेल तर दुधाकडे बघूच नका, जमा तपासा. युपीआयने पैसे मुलाच्या नावावरून येतात, कार्ड वडिलांच्या नावावर असतं, आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्या घराच्या खात्यात ते चढलेले असतात. त्या दुसऱ्या घराच्या बिलात तेवढेच पैसे जास्त जमा दिसतील. तिकडून मात्र तक्रार येणार नाही.