गणपतीच्या शुभेच्छा एचआरला पाठवण्याआधी

आधी नाव. मेसेजच्या पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव आणि ज्या जागेसाठी मुलाखत दिली ती जागा. गेल्या वेळी एवढंच राहिलं आणि समोरून 'सेम टू यू, आपण कोण?' असं आलं. एचआर दिवसाला कितीतरी उमेदवारांशी बोलतो, आपला नंबर सेव्ह करत बसत नाही. त्याला दिसतो नुसता आकडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आपण ठेवलेलं प्रोफाइलचं नाव. ते 'कोकणचो राजा' असेल तर आजच बदला.

बाप्पाचं चित्र पाठवू नका. आलेलं पुढे ढकललं की वर 'फॉरवर्डेड' दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्टही नको. ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही.

मजकूर चाकरमान्यांच्या गर्दीतून गावी निघण्याआधीच लिहून ठेवा. वाडीत रेंज कधी असते, कधी नसते, आणि ऐन चतुर्थीला माटोळी बांधायची की टायपिंग करायचं? पाठवायचा दिवस हरतालिकेचा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. चतुर्थीला सगळ्यांचेच मेसेज येतात, त्यात आपला बुडतो.

समजा, लोटे एमआयडीसीत शिफ्ट केमिस्टच्या जागेसाठी मुलाखत झाली आहे. तर एवढंच लिहा: 'नमस्कार मॅडम, मी अमुक अमुक. शिफ्ट केमिस्टच्या जागेसाठी आपल्याशी मुलाखत झाली होती. आपल्याला आणि घरच्यांना गणेशचतुर्थीच्या शुभेच्छा.' इथे थांबा. 'काही अपडेट आहे का?' हे शेपूट लावलंत की शुभेच्छा हे निमित्त ठरतं, आणि समोरच्याला सणाच्या तोंडावर उत्तर शोधावं लागतं. नाव घातलंत ना? पुन्हा बघा.

बोलणं ईमेलवर झालं असेल तर त्याच जुन्या मेलला रिप्लाय करा, म्हणजे खाली आपला अर्ज आपोआप दिसतो. तरी नाव लिहाच. एचआर नोएडाला बसत असेल तर गणपतीचा मेसेज त्याला परका वाटू शकतो; तिथे दिवाळी बरी. आडनावावरून सण ठरवू नका.

गौरी-गणपतीत इथल्या कारखान्यांतले निम्मे लोक घरी असतात, सहीचा साहेबही. त्या दिवसांतल्या शांततेचा अर्थ नकार असा लावू नका.

उत्तर आलं तर एक 'धन्यवाद', बस. गौरीला पुन्हा नको, अनंत चतुर्दशीला तर नकोच. निकालाची सांगितलेली तारीख उलटली असेल तर सुट्ट्या संपल्यावर वेगळ्या मेलने सरळ विचारा. त्यातही नाव, जागा, मुलाखतीची तारीख.