थ्रीडी प्रिंट केलेला पाइपचा जोड गळू नये म्हणून काय करावे

ऊस रोपांच्या शेडमध्ये ठिबकची नळी टाकायची असते. टाकीतून येणारा पाइप एक इंची, ठिबकची लॅटरल 16 मिमीची, आणि दोघांना जोडणारा नेमका तुकडा दुकानात मिळत नाही. घरी प्रिंटर असेल तर तो तुकडा दोन-तीन तासांत निघतो. पाणी सोडलं की मात्र त्याच्या अंगावर घामासारखे थेंब दिसू लागतात. असे जोड गळतात कुठून आणि ते कसे थांबवायचे, ते या एका तुकड्यावरून पाहू. बाटलीलाही बहुतेक हेच लागू होतं. फरक जिथे आहे तिथे सांगतो.

प्लास्टिकच्या आरपार पाणी जात नाही. ते जातं दोन रेषांच्या मधून. प्रिंट म्हणजे शेजारी शेजारी आणि एकावर एक बसवलेल्या वितळलेल्या रेषा. त्या कुठे नीट चिकटल्या नाहीत की बारीक वाट उरते. आतल्या भिंतीतून शिरलेलं पाणी मधल्या पोकळ जाळीत फिरतं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. म्हणून थेंब दिसला तिथेच भोक आहे असं समजून बाहेरून लेप थापणं बहुधा वाया जातं.

आधी फिलामेंट सुकवा

अशा कामाला पीईटीजी घ्या. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात पडलेल्या नळीवर आटे ढिले होतात. पण पीईटीजी हवेतला ओलावा ओढतं, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उघडं ठेवलेलं रीळ कोरडं राहणं कठीणच. ओलं फिलामेंट नोझलमधून येताना बारीक चटचट आवाज करतं. तो आवाज वाफेचा असतो, आणि प्रत्येक बुडबुडा रेषेत एक छिद्र सोडून जातो. 65 अंशांवर पाच-सहा तास सुकवा आणि शक्य असेल तर ड्रायरमधूनच प्रिंटरला द्या. हे टाळलंत तर पुढची कुठलीही सेटिंग पुरी पडत नाही.

फ्लो मोजून ठरवा

फ्लो म्हणजे नोझलमधून किती प्लास्टिक सोडायचं त्याची टक्केवारी. एका भिंतीचा, वरून उघडा, आत पोकळ असा छोटा चौकोनी डबा प्रिंट करा. 0.4 मिमी नोझलला रेषेची रुंदी 0.45 ठेवली असेल तर भिंत 0.45 मिमी भरायला हवी. चारही बाजूंना मधोमध व्हर्नियरने मोजून सरासरी काढा. समजा ती 0.43 आली, तर प्लास्टिक कमी पडतंय. जुना फ्लो 100 असेल तर नवा असा निघतो:

```
100 × 0.45 / 0.43 = 104.7
```

म्हणजे 105 धरा. पाण्याच्या तुकड्यासाठी यावर आणखी दोन-तीन टक्के चढवायला माझी हरकत नाही, कारण रेषा एकमेकींत थोड्या दाबल्या गेलेल्या बऱ्या. त्यापुढे जाऊ नका. नोझलला गोळे चिकटू लागतात, आटे जाड होऊन बसत नाहीत, आणि ओढला गेलेला गोळा पुढच्या थरात खाच पाडून नवी गळती तयार करतो.

यासोबत तापमान नेहमीपेक्षा दहा अंश वाढवा, पंखा 20 ते 30 टक्क्यांवर आणा आणि वेग कमी करा. थर एकमेकांत मुरायला त्यांना गरम राहू द्यावं लागतं. पृष्ठभाग थोडा ओबडधोबड येईल, तो येऊ द्या.

भिंती इतक्या, की आत जाळीला जागाच उरू नये

आपल्या जोडाची भिंत साधारण 3 मिमीची आहे. नळीला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून भिंती पडतात. संख्या 2 ठेवली तर मध्ये पोकळ पट्टा राहतो, आणि पाणी फिरतं ते तिथेच. म्हणून `Wall loops` सरळ 8 करा. जितक्या मावतात तितक्याच बसतात आणि सगळी जाडी गोल फिरणाऱ्या रेषांनी भरून जाते. स्लायस केल्यावर प्रिव्ह्यूमध्ये एकेक थर बघा. दोन रेषांमध्ये पांढरी फट दिसली तर डिझाइनमध्ये जाडी थोडी बदला, किंवा `Arachne` हा पर्याय निवडा. त्यात रेषेची रुंदी जागेनुसार कमी-जास्त होते.

प्रत्येक भिंत जिथे सुरू होते आणि संपते तिथे सांधा राहतो. बाहेरच्या एकाच भिंतीवर भरवसा असेल तर तो सांधाच आधी गळतो. भिंती भरपूर असल्या की एका सांध्याची वाट पुढची भिंत अडवते. बाटलीसाठी `Spiral vase` वापरलं तर नोझल न थांबता गोल फिरत वर चढतं आणि सांधाच राहत नाही, पण भिंत एकच पडते. तिथे 0.6 किंवा 0.8 नोझल लावून रेषा रुंद करा.

वरचे थर

एक इंचाची रुंद बाजू जिथे अरुंद होते तो आडवा खांदा ही खरी दुखरी जागा. पोकळ जाळीवर पसरलेला पहिला छताचा थर खाली झुकतो, दुसरा त्याच्या खड्ड्यात पडतो आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्याखाली फटी राहतात. 0.2 मिमी थराला वरचे 6 ते 7 थर द्या. छोट्या तुकड्यात आतला भराव 100 टक्के ठेवा, प्लास्टिक फारसं वाढत नाही. त्याहून उत्तम म्हणजे डिझाइनमध्ये खांदा आडवा न ठेवता 45 अंशांचा उतार करा. मग छताची गरजच संपते, भिंतीच वरपर्यंत चढत जातात. बाटलीच्या तळालाही तसेच 6 थर, आणि तळ व भिंतीच्या कोपऱ्यात आतून गोलाई.

तुकडा प्रिंट करताना नळी उभी ठेवा, म्हणजे आटे नीट येतात. जोडताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पण हातानेच आवळा. पान्याने आवळलेले निमुळते आटे पाचरीसारखे थर फाडतात.

पाण्याने तपासा, हवेने नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांत पंपाची बॉडी दाबाच्या पाण्याने तपासतात, तीच रीत इथे धरा. गच्चीवरच्या टाकीला जोडून दुसरं टोक बंद करा, हवा पूर्ण निघू द्या. पाण्याची पातळी तुकड्याच्या 5 मीटर वर असेल तर दाब साधारण अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. तुकडा कोरडा पुसून टिश्यू गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. काँप्रेसर लावू नका. दाबलेल्या हवेने फुटलेलं प्लास्टिक गोळीसारखं उडतं.

लेप, आणि तोही आतून

एवढं करून टिश्यू ओला आला तरच लेपाकडे वळा. पाणी आतून दाबतं, म्हणून आतला लेप भिंतीला टेकतो आणि बाहेरचा सुटून येतो. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने आतली बाजू खरबरीत करा आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. दोन भागांचं पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वजन करून मिसळा. जोडात थोडं ओतून फिरवत राहा आणि जादा निथळू द्या. पहिला हात चिकट असतानाच दुसरा द्या. पूर्ण पक्कं व्हायला पत्रकात दिलेला वेळ द्या. पावसाळ्यात पृष्ठभागावर तेलकट, पांढुरका थर आला तर तो दमट हवेमुळे असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्या. एबीएसवर ॲसिटोनची वाफ थर विरघळवून सांधते, पीईटीजीवर ती उपयोगी नाही. पीव्हीसीच्या सोल्यूशननेही पीईटीजीचा जोड भरवशाने चिकटत नाही.

हा जोड टाकीच्या दाबावर ठिबकला चालतो. मोटरच्या डिलिव्हरीवर लावू नका, कारण मोटर चालू-बंद होताना बसणारा पाण्याचा धक्का थरांच्या जोडावरच येतो. पिण्याच्या पाण्यालाही तो वापरू नये. थरांच्या खाचांत शेवाळ आणि जंतू बसतात, आणि ते ब्रशने निघत नाहीत.