प्रोसेसिंग फी एकदम खर्चात टाकू नका

समजा 1,00,000 चं कर्ज घेतलं: मुदत 3 वर्षं, व्याज 10 टक्के दरवर्षी, मुद्दल शेवटी. प्रोसेसिंग फी 2,000 कापून हातात आले 98,000. कर्ज वहीत 98,000 लाच नोंदवा आणि प्रभावी दर काढा:

```
=RATE(3,-10000,98000,-100000)
```

उत्तर सुमारे 10.82 टक्के. (गणितात दर पूर्णच वापरा, गोल केलेला नको.) पहिल्या वर्षी 98,000 वर या दराने व्याजखर्च सुमारे 10,600 येतो, भरलेले 10,000 वजा केले की उरलेले सुमारे 600 कर्जाच्या शिलकीत मिळवा. पुढे असेच 664 आणि 736. तिसऱ्या वर्षाअखेर, मुद्दल फेडण्याआधी, शिल्लक बरोबर 1,00,000 दिसली नाही, तर दर चुकलाय. कर्ज दुसऱ्या वर्षाअखेरच फेडलंत, तर उरलेले 736 तेव्हाच खर्चात घ्या.