काकांच्या फोनवरचा कोड सारखा 'चुकीचा' का येत होता

देवगडला काकांच्या आंब्याच्या ऑर्डरी ज्या ईमेलवर येतात, तिथे पासवर्डनंतर ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड लागतो. ऐन हंगामात प्रत्येक कोड नाकारला जाऊ लागला. काका म्हणाले, "रेंज नाही रे, म्हणून असेल."

पण या कोडला रेंज लागतच नाही. सुरुवातीला क्यूआर स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते, तीच सर्व्हरकडेही असते. फोन 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून त्यांना 30 ने भागतो आणि येणारा पूर्णांक किल्लीसोबत HMAC नावाच्या गणिती प्रक्रियेतून काढतो. त्यातून सहा आकडे उरतात. सर्व्हर हेच गणित स्वतःच्या घड्याळावर करतो.

म्हणून आधी घड्याळ पाहिलं. माझ्या फोनशेजारी ठेवल्यावर काकांचा फोन चार मिनिटं मागे निघाला. बॅटरी पूर्ण उतरल्यावर कुणीतरी वेळ हाताने लावली होती. चार मिनिटं म्हणजे 30 सेकंदांचे आठ टप्पे मागे. सर्व्हर साधारणपणे एखादा टप्पा मागेपुढे चालवून घेतो, आठ नाही. सेटिंगमध्ये 'स्वयंचलित वेळ' सुरू केली आणि पुढचाच कोड चालला.

काकांना एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: कोडला आपण कुठल्या पानावर आहोत हे कळत नाही. बनावट लॉगिन पानावर तो टाकला, तर समोरचा माणूस त्याच अर्ध्या मिनिटात तो खऱ्या साइटवर वापरू शकतो. त्यामुळे लिंकवरून लॉगिन करायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा.