‘सोमवारी साडेआठला बसू’ हे शिकागोला कसं कळवायचं

शुक्रवार, ६ मार्च २०२६. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी भारतातल्या दोघींच्या चॅटवर असा निरोप पडतो:

“सोमवारी नेहमीप्रमाणे साडेआठला बसू. शीट मी परवा रात्री बारापर्यंत टाकते. आणि मग रिव्ह्यू आठ दिवसांनी.”

वाचणारी ‘ओके’ म्हणते आणि विषय संपतो. हाच निरोप शिकागोतल्या सहकाऱ्यांना इंग्रजीत पाठवायचा झाला, तर त्यात गोंधळाच्या निदान चार जागा आहेत. त्यातली एक तर निरोप लिहिणारीच्याही लक्षात आलेली नाही. हा एकच निरोप घेऊन तो कसा सोडवायचा ते पाहू.

आधी ‘आज’ कुठला ते लिहून घ्या

कुठलाही शब्द बदलण्याआधी निरोप कधी आला आणि लिहिणारी तेव्हा कुठे होती, एवढं वर टिपून ठेवा. इथे ते ‘६ मार्च २०२६, शुक्रवार, १८:१०, भारत’ असं होईल. ‘उद्या’, ‘परवा’, ‘सोमवारी’ हे सगळे शब्द या क्षणापासून मोजले जातात, तुम्ही निरोप पुन्हा लिहायला बसता त्या क्षणापासून नाही. मी स्वतः एकदा रात्रीचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला घेतला आणि त्यातलं ‘उद्या’ माझ्या उद्यावर नेऊन ठेवलं. समोरचा माणूस एक दिवस उशिरा कॉलवर आला आणि चूक सर्वस्वी माझी होती.

मग प्रत्येक सापेक्ष शब्दाच्या जागी वार आणि तारीख बसवा. ‘परवा’ जपून हाताळा. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही. इथे ‘टाकते’ हे क्रियापद पुढचा दिवस दाखवतं, म्हणून रविवार, ८ मार्च. पण नुसतं ‘परवाची शीट’ असं कुणी लिहिलं, तर शीट आलेली आहे की यायची आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

‘आठ दिवसांनी’ हा शब्दशः नेला की हमखास चुकणारा प्रयोग. आपण आठ दिवस म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आठवडा म्हणत असतो, म्हणजे सातच दिवस. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे तसेच दोन आठवडे. सोमवारच्या बैठकीनंतर आठ दिवसांनी म्हणजे पुढचा सोमवार, १६ मार्च. इंग्रजीत मोजून आठ दिवस लिहिले, तर वाचणारा मंगळवार, १७ मार्च धरेल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल.

‘पुढच्या शुक्रवारी’ असा शब्द आला तर मी अंदाज करतच नाही. काहींचा पुढचा शुक्रवार दोन दिवसांवर असतो, काहींचा नऊ. सरळ तारीख विचारते.

रात्रीचे बारा आणि त्यानंतरचे तास

आपला दिवस झोपेपर्यंत चालतो. ‘गुरुवारी रात्री दीडला’ म्हणणाऱ्याच्या मनात गुरुवारची रात्रच असते, पण घड्याळाच्या हिशेबाने तेव्हा शुक्रवार लागून दीड तास झालेला असतो. हा निरोप गुरुवार ०१:३० असा लिहिला, तर वेळ पूर्ण चोवीस तास आधीची होते. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतची वेळ दिसली की तारीख एकने पुढे न्यायची आहे का, हे आधी बघायचं.

नेमके ‘बारा’ तर त्याहून अवघड. ‘रविवारी रात्री बारा’ ही रविवारची सुरुवात की शेवट? इंग्रजीतही मध्यरात्रीला तारीख लावली की हाच प्रश्न पडतो आणि १२ पुढे AM किंवा PM लावून तो सुटत नाही. मुदत सांगताना बारा टाळून २३:५९ लिहा. एक मिनिट गेलं तरी दिवस कुठला याबद्दल वाद उरत नाही.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहिली की सकाळ-संध्याकाळचा प्रश्न मिटतो. साडेआठ म्हणजे २०:३०. ‘साडे’साठी इंग्रजीतला ‘हाफ’ वापरू नका. ब्रिटिश बोलीत ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, तर जर्मनमधला त्याच बांधणीचा प्रयोग साडेचारला असतो. आकडे लिहिले की हे सगळं टळतं.

‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे?

आता ती लपलेली जागा. भारतात घड्याळं वर्षभर हलत नाहीत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २०२६ मध्ये मार्चमधला तो रविवार ८ तारखेला येतो, म्हणजे निरोपाच्या शुक्रवारी आणि बैठकीच्या सोमवारी यांच्या बरोबर मध्ये.

आधीच्या सोमवारी, २ मार्चला, भारतातले २०:३० म्हणजे शिकागोत सकाळचे ०९:०० होते. ९ मार्चला भारतातले तेच २०:३० म्हणजे तिथले १०:००. दोन्हीकडचं ‘नेहमीप्रमाणे’ त्या दिवशी एकाच वेळी खरं असू शकत नाही. शिकागोचे ०९:०० धरले, तर भारतात १९:३० वाजलेले असतील.

इथे गणित करून उपयोग नाही, विचारावं लागतं: कुणाचं घड्याळ स्थिर धरायचं? कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद असेल, तर ती कुठल्या कालविभागाच्या वेळेनुसार केली आहे ते उघडून बघा. नोंद शिकागोच्या वेळेत केलेली असेल, तर त्या सोमवारी भारतातल्या फोनवर ती आपोआप १९:३० ला सरकलेली दिसेल आणि चॅटमध्ये मात्र साडेआठ लिहिलेले असतील. मी असा प्रश्न दोन पर्याय देऊन विचारते: “सोमवारी आपले साडेआठ कायम ठेवायचे की त्यांचे सकाळचे नऊ? दोन्ही जमणार नाही, तिकडे रविवारी घड्याळ बदलतंय.” या वेळी उत्तर आलं, आपले साडेआठच.

युरोपातलं कुणी सोबत असेल तर पुन्हा वेगळा हिशेब, कारण तिथे घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. २०२६ मध्ये तो २९ मार्च आहे. म्हणजे ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत लंडन आणि शिकागो यांच्यातलं नेहमीचं सहा तासांचं अंतरसुद्धा पाच तासांवर येतं.

रूपांतर UTC मधून करा

एका शहरातून दुसऱ्या शहरात थेट उडी मारू नका. UTC ही जगभरच्या घड्याळांचा हिशेब जिच्यावरून होतो ती प्रमाणवेळ. भारत UTC च्या साडेपाच तास पुढे आहे. २०:३० मधून साडेपाच तास वजा केले की १५:०० UTC. ९ मार्चला शिकागो UTC च्या पाच तास मागे असतं, म्हणून १०:००. शीटची मुदत रविवारी २३:५९ भारत, म्हणजे १८:२९ UTC, म्हणजे शिकागोत रविवारी दुपारी १३:२९. तिथल्या लोकांना ‘संडे मिडनाइट’ एवढंच कळवलं असतं, तर त्यांनी मुदत त्यांच्या मध्यरात्रीची, म्हणजे साडेदहा तास नंतरची धरली असती.

फोनमधल्या जागतिक घड्याळावर विसंबू नका. ते आत्ताचा फरक दाखवतं. शुक्रवार, ६ मार्चला ते साडेअकरा तास दाखवेल आणि सोमवारी खरा फरक साडेदहाच असेल. त्यापेक्षा कॅलेंडरमध्ये त्या तारखेची एक कच्ची नोंद करा, तिचा विभाग बदलून वेळ बघा आणि हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा. दोन्हींत नेमका एक तासाचा फरक आला, तर जवळजवळ नेहमी घड्याळबदलच राहून गेलेला असतो. अर्ध्या तासाचा आला, तर आपल्या साडेपाचातला ‘साडे’ विसरलेला असतो.

आता लिहा

विभागांची आद्याक्षरं टाळा. IST हे भारताचं आहे, तसंच इस्रायलचं आणि आयर्लंडचंही. CST शिकागोचं हिवाळ्यातलं आणि चीनचंसुद्धा. त्याऐवजी शहर किंवा देशाचं नाव आणि पुढे UTC चा फरक लिहा. तारखेत महिना अक्षरांत हवा. 09/03 ला अमेरिकेत ३ सप्टेंबर म्हणतात. वार जरूर लिहा, कारण तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि वाचणारा लगेच विचारतो.

```
Call: Mon 9 Mar 2026, 20:30 India (UTC+05:30)
    = Mon 9 Mar 2026, 10:00 Chicago (UTC-05:00)
Chicago: one hour later than usual, clocks change 8 Mar.
Sheet: by Sun 8 Mar 2026, 23:59 India = 13:29 Chicago
Review: Mon 16 Mar 2026, time to be confirmed
```

शेवटची ओळ मुद्दाम अपुरी ठेवली आहे. मूळ निरोपात रिव्ह्यूची वेळ नव्हती, तेव्हा ती आपण घालायची नाही. त्याचप्रमाणे कुणी ‘आठ-साडेआठला’ लिहिलं, तर त्याचे नेमके २०:०० करू नका. २०:०० ते २०:३० दरम्यान सुरुवात, असं लिहा. ‘बसू या का?’ हा प्रश्न असतो, ठरलेली वेळ नसते. नीटनेटकं लिहिण्याच्या नादात प्रस्तावाचा निर्णय होऊन बसतो आणि मग लोक त्यावर आपला दिवस आखतात.

वेळ बदलली तर

सोमवारी दुपारी निरोप येतो, “अर्धा तास पुढे ढकलू या.” आपल्या ‘पुढे ढकलणे’ यात उशीर अगदी स्पष्ट आहे. ते इंग्रजीत ‘मूव्ह फॉरवर्ड’ केलं, तर निम्मे वाचक बैठक अलीकडे आली असं समजतील. अलीकडे घेण्यासाठी आपण सर्रास वापरतो तो ‘प्रीपोन’ शब्द भारताबाहेर अनेकांनी ऐकलेलाही नसतो. दिशादर्शक शब्द न वापरता जुनी आणि नवी वेळ शेजारी शेजारी ठेवा:

```
Changed, Mon 9 Mar 2026:
old 20:30 India = 10:00 Chicago
new 21:00 India = 10:30 Chicago
```

जुना निरोप गुपचूप दुरुस्त करू नका. ज्यांनी तो सकाळीच वाचला, ते पुन्हा वर जाऊन बघत नाहीत. नवा निरोप खाली टाका आणि शिकागोतल्या एकाला तरी त्याच्या घड्याळातली वेळ उलट लिहून पाठवायला सांगा. ‘ओके’ आलं तर पुन्हा विचारा. ‘10:30’ आलं की काम झालं.