पाककृती सरळ वरून टिपताना मोबाइल कशावर बसवावा

मुलाखतीसाठी स्टँड निवडणे सोपे आहे. कॅमेऱ्याचे भिंग बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत यावे, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी साधारण सव्वा मीटर आणि उभ्या माणसासाठी दीड मीटरवर. आणि ही उंची मधला दांडा वर न काढता, केवळ पायांनी गाठता आली पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात वर काढलेला दांडा हमखास थरथरतो. खरी पंचाईत होते ती टेबलावरचा पदार्थ सरळ वरून टिपताना.

दुकानात अशा कामासाठी पहिल्यांदा लवचिक मानेचा क्लॅम्प पुढे केला जातो. तो घेऊ नये. मालवणच्या आमच्या स्वयंपाकघरात उकडीचे मोदक चित्रित करताना मी तोच टेबलाच्या कडेला आवळला होता. उकड मळताना हाताचा प्रत्येक दाब टेबलातून क्लॅम्पमध्ये आणि क्लॅम्पमधून मोबाइलमध्ये पोहोचत होता. शिवाय मोबाइलच्या वजनाने मान हळूहळू वाकत गेली आणि पाचव्या मोदकाच्या कळ्या पाडेपर्यंत अर्धी परात चौकटीबाहेर गेली होती. आवळ कितीही घट्ट केला, तरी हे दोन्ही दोष जात नाहीत.

म्हणून स्टँड जमिनीवर उभा करावा, टेबलाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, आणि त्यावर आडवा दांडा बसवावा. ट्रायपॉडचा एक पाय दांडा ज्या दिशेला पुढे जातो त्याच दिशेला, टेबलाखाली सरकवावा. दांडा दोन पायांच्या मधून पुढे काढला, तर स्टँड तोंडावर पडतो. मागच्या टोकाला वजन टांगावे लागते आणि त्याचा हिशेब सोपा आहे. होल्डरसह मोबाइल ३०० ग्रॅमचा असून तो स्टँडपासून ४० सेंटीमीटर पुढे असेल, तर मागे २० सेंटीमीटरवर ६०० ग्रॅम वजन हवे. दांड्याचे स्वतःचे वजनही पुढच्या बाजूला जास्त पडते, त्यामुळे मी पाऊण किलो कोरड्या वाळूची पिशवी बांधते. वाळू आमच्याकडे विकत आणावी लागत नाही.

होल्डर स्प्रिंगचा नको, स्क्रूने आवळायचा घ्यावा आणि त्याचे जबडे आवाजाच्या बटणांवर येऊ देऊ नयेत. परातीच्या मध्यावर मोबाइलचा मध्य नव्हे, तर भिंग आणावे, कारण ते बहुधा एका कोपऱ्यात असते. मोबाइल जमिनीला समांतर झाला की चित्र आडवे धरायचे की उभे, हे त्याला नीट कळत नाही. म्हणून तो आधी डोळ्यांसमोर आडवा धरून चौकट फिरल्याची खात्री करावी, मगच खाली वळवावा.

शेवटी एक मिनिट खरोखरच उकड मळून चित्रीकरण तपासावे. हात थांबल्यावरही परातीची कड चौकटीत हलताना दिसली, तर टेबल कुठेतरी स्टँडला टेकलेले आहे. कड एकाच दिशेला सरकत गेली असेल, तर सांधा सैल आहे.